आमच्या घरातले ८६ आणि ८९

मागच्या महिन्यात बंगळुरूहून आत्याचा फोन आला. तिची मुलगी आयसीएसईच्या शाळेत नववीत आहे. काकांची बदली पुण्याला होण्याची चिन्हं आहेत, म्हणजे अकरावीचा प्रवेश महाराष्ट्रात घ्यावा लागणार. आत्याने थेट विचारलं, "अगं, तुमच्याकडे कुठल्या बोर्डाच्या मुलांचं फावतं ते सांग. दहावीला बोर्ड बदलायचं का हिचं?"

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. हा प्रश्न आमच्या घरात एकदा येऊन गेला आहे, आणि तेव्हा मी घाईघाईने दिलेल्या उत्तराची किंमत माझ्या धाकट्या भावाने मोजली, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तुमच्याही घरात, तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला असा की डोंबिवलीला, असं एखादं मूल असेलच. म्हणून जे आत्याला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

धाकटा सातवीत असताना बाबांच्या मनात होतं, त्याला सीबीएसईच्या शाळेत घालावं. मावशीने तिच्या मुलाला तसं घातलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता. मी म्हटलं, "कशाला? चांगली मराठी शाळा आहे, घराजवळ आहे, शेवटी मार्क ते मार्क. ऐंशी म्हणजे ऐंशी." बाबांनी ऐकलं. धाकटा राज्य मंडळाच्या शाळेतच राहिला आणि २०१९ साली दहावीला बसला. मावसभाऊही त्याच वर्षी दहावीला.

या दोघांची तुलना करायला आमच्याकडे एक फार चांगला माणूस होता. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील. निवृत्त गणिताचे शिक्षक. दर रविवारी दोघं नातू त्यांच्यासमोर बसायचे. वेगवेगळी पुस्तकं, पण आजोबा गणितं एकच घालायचे. बीजगणितात धाकटा पुढे, भूमितीत मावसभाऊ. बाकी उन्नीस-बीस. आजोबांना कधी विचारलं तर म्हणायचे, "दोघंही एकाच डब्याचे प्रवासी आहेत."

त्या वर्षी ६ मे रोजी सीबीएसईचा निकाल लागला. मावशी पेढे घेऊन आली. मावसभावाला पाच विषयांत ५०० पैकी ४४५, म्हणजे ८९ टक्के. आमचा निकाल लागायला महिना होता. तो महिनाभर धाकटा नव्वदची स्वप्नं बघत होता, कारण रविवारचा हिशेब त्याला ठाऊक होता. ८ जूनला दुपारी एक वाजता निकाल आला. सर्वोत्तम पाच विषय धरून ४३०. म्हणजे ८६.

तो काही बोलला नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "ताई, तू म्हणाली होतीस मार्क ते मार्क."

त्या वर्षीचा निकाल ज्यांना आठवत असेल त्यांना कळेल की हे फक्त आमच्या घरात घडलं नव्हतं. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला. एका वर्षात बारा टक्क्यांची घसरण. मुलं अचानक ढ झाली नव्हती. शिक्षकही बदलले नव्हते. बदललेली एक मोठी गोष्ट ही, की भाषा आणि सामाजिक शास्त्र या विषयांत शाळेकडून मिळणारे २० गुण त्या वर्षी बंद झाले होते. आधी ८० गुणांची लेखी आणि २० गुण तोंडी किंवा अंतर्गत असायचे. आता पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा. सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांचे शाळेकडचे २० गुण मात्र चालूच होते. आणि अकरावीच्या यादीत तिन्ही बोर्डांची मुलं एकाखाली एक, आहे त्या गुणांवर उभी राहणार होती.

मी रागाने म्हटलं, "म्हणजे त्यांना प्रत्येक विषयात वीस मार्क फुकट!" आजोबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "फुकट वीस नव्हेत. बस, मांडून बघू."

मी बीए इंग्लिशची विद्यार्थिनी. दहावीनंतर गणिताशी माझा संबंध किराण्याच्या बिलापुरता. पण त्या दिवशी आजोबांनी वहीच्या मागच्या पानावर जे मांडलं ते मला अजून पाठ आहे, आणि तुम्हालाही दोन मिनिटांत समजेल.

समजा शाळा प्रत्येकाला २० पैकी १९ देते. बहुतेक शाळा आपल्या मुलांना तेवढे देतातच. उरलेली लेखी परीक्षा ८० ची. ज्या मुलाला १०० च्या लेखीत ९५ पडले असते, त्याला ८० च्या लेखीत ७६ पडतील. त्यात १९ मिळवा. झाले ९५. त्याला काहीच फायदा नाही. आता ८० गुणांचा मुलगा घ्या. त्याला ६४ अधिक १९, म्हणजे ८३. तीन गुण वर. साठवाल्याला ४८ अधिक १९, म्हणजे ६७. सात गुण वर. आणि ज्याला १०० पैकी ३० पडले असते, तो २४ अधिक १९ मिळून ४३ वर जातो. तेरा गुण वर. ३५ ला पास. तीसवाला मुलगा एका पद्धतीत नापास, दुसऱ्या पद्धतीत आरामात पास, आणि उत्तरपत्रिकेत एक अक्षर वेगळं लिहिलेलं नाही.

म्हणजे ते २० गुण सगळ्यांना सारखे वर उचलत नाहीत. खालच्याला जास्त उचलतात, वरच्याला कमी, आणि सगळ्यांना एका छोट्या पट्ट्यात दाबून बसवतात. म्हणूनच ते काढल्यावर पास-नापासाच्या रेषेजवळची मुलं धडाधड कोसळली. निकाल बारा टक्क्यांनी पडला तो तिथे.

आजोबा पुढे म्हणाले, "शिवाय हाताची सवय असते." ते अनेक वर्षं बोर्डाचे पेपर तपासायला जायचे. "आमच्या गणितात उत्तर बरोबर तर बरोबर, पैकीच्या पैकी देताना काही वाटत नाही. शेजारच्या टेबलावर मराठीचे पेपर असायचे. निबंधाला पैकीच्या पैकी द्यायला कुणाचा हात धजायचा नाही. चांगला निबंध असला तरी एक-दोन मार्क कापायचेच, कारण पूर्ण मार्क म्हणजे याहून चांगलं लिहिताच येणार नाही असं म्हणण्यासारखं." जिथे अपेक्षित मुद्दे ठरलेले असतात आणि मुद्दा दिसला की गुण द्यायचे अशी शिस्त असते, तिथे भाषेतही ९५ पडतात. दोन्हीकडचे तपासनीस प्रामाणिकच असतात. फक्त एकाच्या ८५ चा अर्थ दुसऱ्याच्या ९५ इतका असू शकतो.

मग आम्ही धाकट्याची गुणपत्रिका घेतली. संस्कृत ९२, गणित ९०, विज्ञान ८८, मराठी ८१, सामाजिक शास्त्र ७९. इंग्रजी ७४, ते पाचांत आलं नाही. गणित-विज्ञानात शाळेकडचे गुण आधीच धरलेले होते, ते तसेच ठेवले. बाकीचे आजोबांच्या रीतीने बदलले. संस्कृत ९२.६, मराठी ८३.८, सामाजिक शास्त्र ८२.२. एकूण ४३६.६. म्हणजे साडेसहा गुण जास्त. मावसभावाच्या ४४५ पर्यंत तरी पोहोचला नव्हताच, पण १५ गुणांचं अंतर साडेआठवर आलं होतं.

ऐकायला साडेसहा गुण किरकोळ वाटतात. पण अकरावीच्या यादीत ते काय असतात ते सांगते. आपण फॉर्ममध्ये कॉलेजं पसंतीक्रमाने भरतो. संगणक सगळ्यांना गुणांनुसार उभं करतो आणि वरून खाली येत जागा वाटत जातो. जिथे जागा संपतात तिथे त्या कॉलेजचा कट-ऑफ. ८५ ते ९० टक्क्यांच्या मधे मुलांची इतकी दाटी असते की एकेका गुणावर मोठी रांग उभी असते. आमच्या पहिल्या पसंतीच्या कॉलेजची विज्ञान शाखेची यादी त्या फेरीत ४३४ वर थांबली. धाकटा चार गुणांनी बाहेर. मावसभाऊ आत.

धाकट्याने ती वही काढली. "आजोबा, ४३६ असते तर मी आत असतो ना?"

मला वाटलं, आजोबा हो म्हणतील. नातवाचं तोंड बघून कुणीही हो म्हणालं असतं. ते म्हणाले, "तसं म्हणता येणार नाही रे. तुझे वाढले असते तर तुझ्यासारख्या सगळ्यांचे वाढले असते. यादी ४३४ वर थांबली नसती, वर सरकली असती. तुझ्या बोर्डाची मुलं सरकली असती, दुसऱ्या बोर्डाची जागच्या जागी राहिली असती. तू नेमका कुठे असतास ते ही वही सांगू शकत नाही."

धाकटा वही तिथेच टाकून उठून गेला. मला आजोबांचा राग आला होता. आज वाटतं, त्या उन्हाळ्यात आमच्याशी खरं बोलणारे तेवढे एकच होते.

बाहेर तेव्हा मोठा गदारोळ चालू होता. इतर बोर्डांच्या मुलांचे अंतर्गत गुण प्रवेशासाठी धरू नयेत, फक्त लेखीचे धरावेत, असा विचार पुढे आला. त्या पालकांनी विरोध केला, आणि त्यांची बाजूही समजण्यासारखी होती. त्यांच्या मुलांनी ज्या नियमाखाली परीक्षा दिली तो नियम निकालानंतर का बदलायचा? शेवटी सरकारने कॉलेजांतल्या जागा वाढवल्या. गुणांचा प्रश्न गुणांनी सुटला नाही, बाकं वाढवून सुटला. पुढच्या वर्षापासून राज्य मंडळाचे २० गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. बारा टक्के गेले होते, अठरा परत आले.

हे सगळं संपल्यावरही एक प्रश्न मला सोडेना. समजा गुण आहेत तसे धरायचे नाहीत, तर दुसरं करायचं तरी काय? नंतर नोकरीत लेख लिहिता लिहिता मी हा विषय शोधत गेले. आपल्याच देशात याची वेगवेगळी उत्तरं आहेत. मी प्रत्येकात आमच्या घरातले ८६ आणि ८९ घालून बघितले.

पहिलं उत्तर तमिळनाडूचं. तिथे इंजिनिअरिंगला प्रवेश परीक्षा नाही, बारावीच्या गुणांवर यादी लागते. प्रत्येक बोर्डात त्या विषयात सर्वांत जास्त गुण किती पडले ते बघतात आणि तो आकडा १०० मानतात. समजा राज्य मंडळात भौतिकशास्त्रात सर्वाधिक १०० आणि दुसऱ्या बोर्डात सर्वाधिक ९०. तर दुसऱ्या बोर्डाच्या ९० ला १०० धरायचं आणि तिथल्या ६० गुणांच्या मुलाला ६६.६६. साधी, सरळ, कुणालाही घरी करता येईल अशी रीत. पण आमच्या दोघांना ती लावली तर? २०१९ साली राज्य मंडळात २० मुलांना १०० टक्के होते. सीबीएसईत पहिला क्रमांक ५०० पैकी ४९९ चा. दोन्हीकडे माथा जवळजवळ सारखाच. म्हणजे ८६ चे ८६ राहिले आणि ८९ चे ८९. आजोबांचं गणित आठवा: दाबून बसवण्याचा परिणाम शेंड्यावर दिसतच नाही, तो मधे दिसतो. फक्त शेंडा मोजणाऱ्या रीतीला तो कसा कळणार?

दुसरं उत्तर, गुण विसरा, क्रमांक बघा. आपल्या बोर्डातल्या १०० पैकी किती मुलांच्या तू पुढे आहेस? यालाच पर्सेंटाइल म्हणतात. यात कुणी सढळ हाताने गुण दिले की आखडत्या, याने काहीच फरक पडत नाही, कारण एका बोर्डात सगळ्यांनाच तोच हात लागतो. मला हे फार आवडलं, आणि धाकट्याच्या बाजूचंही होतं. पण मग लक्षात आलं की यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: दोन्हीकडची गर्दी सारखीच तयारीची आहे. राज्य मंडळात गडचिरोलीपासून कोकणातल्या वाडीपर्यंत सोळा लाखांच्या आसपास मुलं. त्यात घरात पहिल्यांदाच दहावीपर्यंत पोहोचलेली कितीतरी. सीबीएसईच्या शाळांत बहुतेक मुलं आई-वडिलांनी फी मोजून, ठरवून घातलेली. एका गर्दीतला दहावा आणि दुसऱ्या गर्दीतला दहावा हे सारखेच असतील असं कसं म्हणायचं? मावशीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "माझ्या मुलाने कठीण रांगेत उभं राहायचं आणि त्याची शिक्षाही त्यानेच भोगायची?" आणि तिचं चुकलं नसतं.

तिसरं उत्तर केरळचं. तिथे इंजिनिअरिंगच्या यादीत प्रवेश परीक्षेचे गुण निम्मे आणि बारावीचे गणित, भौतिक, रसायन निम्मे धरतात. बारावीचे गुण धरताना २०२५ च्या यादीपर्यंत त्या बोर्डाची सरासरी किती आणि मुलं सरासरीपासून साधारण किती लांब पसरली आहेत, हे दोन्ही बघत. पसरण्याच्या या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. मला ते समजायला दोन संध्याकाळी लागल्या. समजा एका बोर्डाची सरासरी ६० आणि मुलं तिथून साधारण १५ गुण इकडे-तिकडे. तिथला ८६ वाला सरासरीच्या २६ गुण पुढे, म्हणजे १५ च्या मापाने पावणेदोन पावलं. दुसऱ्या बोर्डाची सरासरी ७५ आणि पसारा फक्त १० चा. तिथला ८९ वाला १४ गुण पुढे, म्हणजे १० च्या मापाने १.४ पावलं. आता ८६ वाला पुढे! हे आकडे मी फक्त समजण्यासाठी घेतलेत, त्या वर्षीचे नाहीत. पण बघा, ही रीत उंचीही धरते आणि दाबही. आजोबांच्या वहीतल्या दोन्ही गोष्टी. तरी जुनं गृहीतक इथेही आहेच. ७५ ची सरासरी सढळ हातामुळे आली की खरोखर तयार मुलांमुळे, हे ती रीत ओळखू शकत नाही.

आणि गंमत अशी, की केरळमधे चित्र आमच्या उलट होतं. तिथे बारावीला सढळ हात राज्य मंडळाचा आणि आखडता सीबीएसईचा. त्यामुळे या रीतीत राज्य मंडळाच्या मुलांचे गुण खाली येत. त्यांची तक्रार वर्षानुवर्षं होती. २०२५ साली तिथल्या सरकारने रीत बदलून तमिळनाडूसारखी केली, पण ती बदलली यादी लागायच्या अगदी तोंडावर, मुलांनी परीक्षा देऊन झाल्यावर. त्या यादीत राज्य मंडळाची मुलं वर आली. सीबीएसईच्या मुलांकडून प्रकरण कोर्टात गेलं, आणि ९ जुलै २०२५ रोजी केरळ उच्च न्यायालयाने ती यादी रद्द केली. जुन्या रीतीने नवी यादी लागली. आठवडाभर जी मुलं वरच्या क्रमांकावर होती ती खाली गेली, काही तर हजारो क्रमांकांनी. त्यांनी काय केलं होतं? काहीच नाही. एक वजाबाकी आणि एक भागाकार बदलला होता.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांची एकच परीक्षा घ्या की. महाराष्ट्राने तेही करून बघितलं. २०२१ साली कोविडमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, तेव्हा अकरावीसाठी सीईटी ठरली. पण ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर. दुसऱ्या बोर्डाची मुलं म्हणाली, जे आम्ही शिकलोच नाही त्यावर परीक्षा? मुंबई उच्च न्यायालयाने त्या ऑगस्टमधे ती रद्द केली. दिल्ली विद्यापीठात २०२१ साली काही अभ्यासक्रमांचा कट-ऑफ १०० टक्क्यांवर गेला आणि २०२२ पासून सीयूईटी आली. ती अनेक पाळ्यांत झाली. एका पाळीचा पेपर सोपा, दुसऱ्याचा अवघड. मग त्या पाळ्यांचे गुण एकमेकांशी जुळवायला पुन्हा पर्सेंटाइलच. बोर्डांमधला प्रश्न पाळ्यांमधे येऊन बसला.

इतकं सगळं बघितल्यावर माझ्या हाती काय लागलं? आहे तसे गुण धरणाऱ्याने मानलेलं असतं की तपासणाऱ्यांचे हात सारखे आहेत. पर्सेंटाइलवाल्याने मानलेलं असतं की मुलं सारखी आहेत. शेंडा मोजणारा मानतो की दोन्हीकडचे पहिले सारखे आहेत. यातलं काही ना काही मानल्याशिवाय एक यादी लागतच नाही. आणि जे मानलं ते जिथे खोटं असतं, तिथे कुणाचा तरी धाकटा चार गुणांनी बाहेर राहतो. म्हणून माझ्या दृष्टीने रीत कोणती यापेक्षा ती कधी सांगितली याला जास्त महत्त्व आहे. परीक्षेआधी सांगितलेला नियम कडू असला तरी माणूस त्याप्रमाणे पाय टाकू शकतो. निकालानंतर बदललेल्या नियमाला काही उत्तर नसतं.

आता आत्याचं. मी तिला सांगितलं, बोर्ड बदलू नकोस. दहावीच्या तोंडावर नवा अभ्यासक्रम, नवी पुस्तकं, उत्तर लिहिण्याची नवी पद्धत, यात ती मुलगी जितके गुण घालवेल तितके कुठलंही बोर्ड तिला देणार नाही. त्याऐवजी तीन गोष्टी कर. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची प्रवेशाची नियमावली आली की तिच्या बोर्डाचे कुठले विषय धरणार ते आधी वाच, कारण पाच विषयांची बेरीज बोर्डाप्रमाणे वेगळी पडू शकते. गेल्या वर्षीचा कट-ऑफ बघताना कुठल्याही बोर्डाची परीक्षापद्धत त्या दरम्यान बदलली आहे का ते बघ. आम्ही २०१९ साली २०१८ चा कट-ऑफ समोर ठेवून पसंतीक्रम भरला होता, आणि तो जवळजवळ निरुपयोगी होता. आणि यादीत खालची दोन कॉलेजं अशी ठेव की तिथे तिला खरंच जायला आवडेल, नुसती जागा भरायला नको.

"आणि तुझ्या भावाचं काय झालं?" आत्याने विचारलं.

दुसऱ्या फेरीत त्याला स्टेशनच्या पलीकडचं कॉलेज मिळालं. बारावी झाली, पुढे तो इंजिनिअर झाला. मावसभाऊही. दोघं दीड वर्ष एकमेकांशी धड बोलले नव्हते. मावशी आणि आई बोलायच्या, पण मुलांचा विषय टाळून. आजोबांचा रविवार बंद पडला तो पुन्हा सुरू झालाच नाही, आणि २०२१ मधे आजोबा गेले.

त्यांचं कपाट आवरताना ती वही सापडली. मागच्या पानावर ४३६.६ लिहून त्याभोवती गोल केलेला होता. तो त्या दिवशीचा. त्याच्या खाली पेन्सिलीने आणखी एक हिशेब होता, तो आम्ही कुणी बघितला नव्हता. आजोबांनी नंतर कधीतरी मावसभावाच्या ४४५ मधून शाळेकडचे ९९ गुण वजा करून उरलेल्या ३४६ चे ४०० पैकी टक्के काढले होते: ८६.५. त्याच्यासमोर धाकट्याच्या फक्त लेखी गुणांचे टक्के, ४६० पैकी ३९३: ८५.४. दोन्हींच्या मधे एक छोटी रेघ, आणि पुढे त्यांच्या ठाशीव अक्षरात, "एकच डबा."

मी त्याचा फोटो काढून दोघांना पाठवला. मावसभावाने धाकट्याला फोन केला. काय बोलले ते मला माहीत नाही. पण त्यानंतर दिवाळीला धाकटा मावशीकडे राहायला गेला, चार वर्षांनी पहिल्यांदा.

आत्याला मी शेवटी एवढंच म्हटलं. निकाल लागेल त्या दिवशी तिचे गुण दुसऱ्या बोर्डाच्या भावंडाशेजारी ठेवून बघू नकोस. यादीला ते करावंच लागतं, दुसरा इलाज नसतो. घराला ते करायची गरज नसते.